कोरडी असताना दगड, भिजली की भुगा : आमच्या प्लॉटच्या मातीची गोष्ट

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही नव्या घरात राहायला आलो. तेव्हापासून लिहायचं म्हणतेय, आज मुहूर्त लागला. आम्ही न्यू मेक्सिकोत राहतो, आल्बुकर्कीच्या उत्तरेला, सँडिया डोंगराच्या पायथ्याशी. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाऊण एकराचा प्लॉट घेतला. घर बांधायच्या अनुभवावर लिहिणारे खूप आहेत, मी फक्त मातीवर लिहिणार आहे, कारण आमचं सगळ्यात जास्त डोकं आणि बऱ्यापैकी पैसे तिथेच गेले, आणि सुरुवातीला कोणालाच, अगदी बिल्डरलासुद्धा, त्यात काही आहे असं वाटत नव्हतं.

बिल्डरने पहिल्याच भेटीत प्लॉटवर टिकाव आपटला, ठण्ण आवाज आला, म्हणाला याच्यावर हॉस्पिटल बांधा. आम्हालाही पटलं. माहेर अकोल्याचं, तिथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे "वाईट जमीन" म्हणजे काळी चिकणमाती हेच डोक्यात. ही तर फिकट तपकिरी, रेताड, कोरडी ठणठणीत. वाईट कशी असेल?

१२ मार्चला बाबा आले, सहा महिन्यांसाठी. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, आयुष्य मातीच्या भरावावर पाणी मारण्यात आणि रोलर फिरवण्यात गेलंय. त्यांना घेऊन प्लॉटवर गेलो. प्लॉट सोडून ते शेजाऱ्याच्या कुंपणाशीच उभे राहिले. शेजारच्या घराचा एक कोपरा, जिथे छताचं पाणी पाइपातून खाली पडतं, तिथे भिंतीत जिन्यासारखी पायरी-पायरीची चीर, आणि फाटकापासूनची काँक्रीटची वाट ठिबकच्या नळीच्या कडेकडेने बशीसारखी खचलेली. बाकी घर ठाकठीक. बाबा म्हणाले, "अगं, चीर जिथे पाणी आहे तिथेच आहे बघ. पण फुगून वर नाही आली, खाली गेलीय. हे आपल्याकडचं दुखणं नाही."

शेजारीणबाईंनी सांगितलं की दहा वर्षं काही झालं नाही, मग एका उन्हाळ्यात ठिबकची नळी फुटली, त्यांना महिनाभर कळलंच नाही, आणि कोपरा दोन-तीन आठवड्यांत खाली गेला. हळूहळू नाही, एकदम.

घरी येऊन वाचायला लागलो. इंग्रजीत याला कोलॅप्सिबल सॉइल म्हणतात, कोसळणारी माती म्हणा हवं तर. आमच्याकडे ती का आहे हे समजल्यावर मला जरा गंमतच वाटली. डोंगरातून वळवाच्या पावसात चिखल-रेतीचा लोंढा येतो, पायथ्याला पंख्यासारखा पसरतो आणि इथल्या उन्हात पटकन वाळतो. वाळताना कण जसे पडले तसेच, मध्ये भरपूर पोकळी ठेवून, एकमेकांना चिकटतात. चिकटवणारा डिंक म्हणजे कणांच्या सांध्यावरची थोडीशी चिकणमाती, थोडे क्षार, आणि उरल्यासुरल्या ओलाव्याची ओढ. पुढच्या लोंढ्याचा थर त्याच्यावर बसतो. वर्षाला नऊ-दहा इंच पाऊस, तोही वरच्या वर उडून जातो, त्यामुळे खालची माती शेकडो वर्षं नीट भिजलेलीच नसते. ढोकळा असतो ना जाळीदार, तो वाळवून कडक केला तर वर वजन पेलेल, पण पाण्यात टाकला की बसला. वजन वाढवावं लागत नाही, आहे त्याच वजनाखाली पाणी लागलं की डिंक सुटतो आणि कण पोकळीत घसरतात. म्हणून टिकावाचा ठण्ण आवाज काहीच सांगत नाही. तो आवाज डिंकाचा आहे.

बाबांनी ठरवलं की कोणाला पैसे द्यायच्या आधी आपण खणून बघू. इथे पहिली टीप : अमेरिकेत स्वतःच्या प्लॉटवर खणायचं असलं तरी आधी ८११ ला फोन करायचा. फुकट असतं, ते येऊन गॅस, वीज, केबल कुठून गेलीय त्याच्या रंगीत खुणा करून जातात. आम्ही २७ मार्चला फोन केला, ३० ला खुणा झाल्या, १ एप्रिलला शनिवारी खणलं. बाबांना हे काही झेपत नव्हतं, "आपल्याच जमिनीत खणायला परवानगी?" असं तीन दिवस चाललं होतं.

दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा. पहार आणि टिकाव लागला, एवढी कडक. बाजूच्या कडेवर बाबांनी भिंग धरलं आणि मला बोलावलं. कडेला टाचणीने टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं, सगळीकडे. मग त्यांनी सांगितलं की आता सगळी माती परत खड्ड्यात भर आणि धुम्मस कर. घरच्या अंगणात झाडासाठी खड्डा खणला की माती परत घातली तरी वर ढिगारा उरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे उलटं झालं. सगळी माती घातली, थोडं पाणी शिंपडून धुम्मस केलं, आणि खड्डा वरून चार-साडेचार इंच रिकामाच. मी तर आजूबाजूला शोधत होते की कुठे सांडली का. सांडली नव्हती, ती पोकळीच होती.

त्याच मातीचं सुपारीएवढं ढेकूळ घरी काचेच्या ग्लासात पाण्यात सोडलं. बुडबुडे आले आणि अर्ध्या मिनिटात तळाला पीठ. यावरून नक्की काही ठरत नाही, पण चिकणमातीचं ढेकूळ इतक्या पटकन विरघळत नाही, म्हणजे डिंक किती कच्चा आहे एवढं तरी कळतं.

मग सॉसेज टेस्ट. नाव ऐकून बाबा हसले, पण करायला सगळ्यात सोपी हीच. खड्ड्याच्या तळातून, न हललेल्या मातीचा मोठा ढेपसा सुरीने कापून काढायचा आणि हळूहळू तासून त्याचा दंडगोल करायचा. आमचे पहिले तीन तुटले. चौथा जमला, ४ सेंटीमीटर जाड आणि ८ सेंटीमीटर लांब. मग तो पूर्ण मोडायचा, थोडं पाणी घालून कणकेसारखा मळायचा आणि पुन्हा तेवढ्याच जाडीचा दंडगोल करायचा. जाडी तीच ठेवायची हे महत्त्वाचं, आम्ही ४ सेंटीमीटर आतल्या मापाच्या प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा साचा म्हणून वापरला. लांबी भरली ६.३ सेंटीमीटर. एकही कण न गमावता माती पाचव्या हिश्श्याहून जास्त आखडली. अर्थात आपण हाताने दाबून मळतो तेवढं घराचं वजन मातीला मळत नाही, त्यामुळे हा आकडा जमीन तेवढी खचेल असा घ्यायचा नाही. आणि मातीत खडे असतील तर दंडगोल तासताच येत नाही. पण आखडली का नाही, एवढं उत्तर मिळतं.

पुढच्या शनिवारी, ८ एप्रिलला, बाबांचा खरा प्रयोग. वरची सहा इंच माती काढून एक फूट बाय एक फूटची फरशी सपाट बसवली, तिच्यावर २०० लिटरचा ड्रम ठेवून पाण्याने भरला. म्हणजे चौरस फुटाला साधारण ४६० पाउंड, एकमजली घराच्या पायाखाली असतं त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. दोन्ही बाजूंना पाच-पाच फुटांवर खुंट्या ठोकून दोरी ताणली आणि दोरीपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजत राहिलो. कोरड्यात दिवसभरात १ मिलिमीटर. संध्याकाळी फरशीभोवती मातीचा बांध घालून हळूहळू बारा बादल्या पाणी सोडलं. सातव्या-आठव्या बादलीपर्यंत काही नाही, मग फरशी एका बाजूने बसायला लागली, ड्रम कलला, नवरा तो धरायला धावला आणि बाबा ओरडले, "सोड! सोड त्याला!" ड्रम आडवा, बाबांची एक चप्पल चिखलात. कलायच्या जरा आधीचं माप १७ मिलिमीटर होतं. कोणी करणार असाल तर एवढा उंच ड्रम नको, वाळूच्या गोण्या आडव्या रचा, आणि पाणी सोडल्यावर जवळ उभे राहू नका.

आता पैसे खर्च करायची तयारी झाली. माती तपासणाऱ्या जिओटेक कंपनीशी २४ एप्रिलला करार केला, ३,४०० डॉलर, दोन बोअर वीस फुटांचे, प्रयोगशाळेच्या चाचण्या आणि इंजिनियरच्या शिक्क्याचा रिपोर्ट. मशीनची तारीख मिळाली ११ मे. रिपोर्टचा मसुदा आला १६ जूनला, पाच आठवड्यांनी, त्यातला बराचसा वेळ आम्ही फोन करण्यात घालवला.

आणि मसुदा वाचून आम्ही चक्रावलो. बोअरमध्ये हातोडा मारून मोजतात ते ठोके १९ ते २४, म्हणजे बरी घट्ट जमीन. पाणी सोडल्यावर मातीचं बसणं ३.२ टक्के, शेरा "मध्यम". मला तर हायसं वाटलं. बाबा म्हणाले, "कोरडी असताना ठोके मोजलेत, ते डिंकालाच मारलेत. आणि नमुना कसा काढला? नळी ठोकून. आपण सुरीने चौथ्या वेळी कापला तेव्हा टिकला, नळी ठोकली की पोकळी तिथेच दबणार." त्यांचं इंग्रजी बेताचं, मी इंजिनियरबाईंना हे सगळं विचारलं, जरा घाबरतच. त्या अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या बरोबर आहे, सैल माती नळीत दाबली जाते आणि आकडा कमी येतो, हाताने कापलेला ठोकळा आणून देत असाल तर मी पुन्हा करते, ६५० डॉलर जास्तीचे.

मग २६ जूनला पाच फुटांवरून, बिल्डरच्या माणसाकडून यंत्राने उतरता खड्डा काढून घेऊन (हाताने उभ्या खड्ड्यात एवढं खाली उतरू नका, कडा ढासळतात), बाबांच्या देखरेखीखाली एक फुटाचा ठोकळा कापला. पातळ प्लास्टिक, त्याच्यावर अॅल्युमिनियम फॉइल, मग टॉवेल, मग आइसबॉक्स. गाडीत तो माझ्या मांडीवर, खड्डा आला की मी श्वास धरायचे.

२८ ला इंजिनियरबाईंनी चाचणी बघायला बोलावलं. पितळी कडी, एक इंच जाडीची मातीची चकती, तिच्यावर टप्प्याटप्प्याने वजन आणि डायलचा काटा. २०० किलोपास्कल दाबापर्यंत वजन चढवलं तरी कोरडी माती जेमतेम ०.४ मिलिमीटर बसली, दगडच. मग त्यांनी वाटीत पाणी सोडलं. वजनाला हात लावला नाही. दोन-तीन सेकंद काही नाही आणि मग काटा जो सुटला, घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखा, काही मिनिटांत २ मिलिमीटरच्या पुढे. टक्केवारी ८.१. याच वजनावरच्या आकड्याला कोलॅप्स इंडेक्स म्हणतात, २ ते ६ मध्यम, ६ ते १० बऱ्यापैकी गंभीर, १० च्या पुढे गंभीर. तीच माती, नळीतून ३.२ आणि ठोकळ्यातून ८.१.

पण घराखाली २०० किलोपास्कल नसतात, म्हणून त्यांनी दुसरी चकती ५० वर भिजवली, ती ४ टक्के बसली. आमचं फूटिंग, म्हणजे पायाचा तळ, २ फुटांवर, सैल थर १० फुटांपर्यंत, म्हणजे ८ फूट जाड, ९६ इंच, त्याचे ४ टक्के साधारण पावणेचार इंच. हे सगळीकडे सारखं झालं तर घर नुसतं बुटकं होईल, पण पाणी एका कोपऱ्यात मुरतं, तो कोपरा पावणेचार इंच खाली आणि बाकीचं घर जागेवर. शेजारची जिन्यासारखी चीर तीच.

बाबांना एक साधा हिशेब फार आवडला, तो १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पाटबंधारे खात्यातल्या, म्हणजे ब्युरो ऑफ रिक्लमेशनच्या, गिब्ज आणि बारा या दोघांनी मांडलाय. आम्ही खड्ड्यात घनता मोजलेली होती : छोटा खड्डा करून निघालेली माती किचनच्या काट्यावर ३,०७० ग्रॅम, खड्ड्याला पातळ प्लास्टिकचं अस्तर लावून काठोकाठ पाणी मोजून ओतलं तर २,१५० मिलिलिटर, आणि थोडी माती ओव्हनमध्ये वाळवून ओलावा साडेतीन टक्के (ओव्हनवरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही). म्हणजे कोरड्या मातीचं वजन घनसेंटीमीटरला १.३८ ग्रॅम. मातीचा कण स्वतः पाण्याच्या २.६७ पट जड, तेव्हा १.३८ ग्रॅम कणांनी ०.५२ जागा व्यापली आणि उरलेली ०.४८ पोकळी. ती पाण्याने भरली तर मातीच्या वजनाच्या ३५ टक्के पाणी मावेल. आणि ही माती किती टक्के पाण्याला पातळ होऊन वाहायला लागते? लॅबने सांगितलं २४. म्हणजे आत पोकळी एवढी आहे की माती स्वतःला लापशी करण्यापुरतं पाणी पोटात घेऊ शकते. बाबा म्हणाले, हे मला नोकरीत कोणी सांगितलं असतं तर. ही फक्त संशयाची खूण आहे, किती बसेल ते यातून कळत नाही.

उपाय काय, यावर बाबांचं म्हणणं होतं सरळ बांध घालून पाणी भरा, बसायचंय ते आधीच बसू दे. हे अगदी चुकीचं नाही. कॅलिफोर्नियाचा मोठा कालवा सॅन वाकिन खोऱ्यातून नेताना १९६० च्या दशकात अशीच तळी भरून जमीन आधी बसवून घेतली होती. पण इंजिनियरबाई म्हणाल्या, तिथे थर खूप खोल, वरच्या मातीचंच वजन खालच्या मातीला बसवतं. तुमच्या वरच्या आठ-दहा फुटांना स्वतःचं वजनच नाही, भिजवलं तरी अर्धवट बसेल आणि घर चढवल्यावर उरलेलं बसेल. त्यामुळे ठरलं की फूटिंगखाली सहा फूट माती काढायची, घराच्या बाहेर पाच फुटांपर्यंत, पाणी मिसळून आठ-आठ इंचांच्या थरात परत भरायची, प्रत्येक थर लॅबमधल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के घट्ट. बाबा हसले, चाळीस वर्षं हेच केलंय म्हणाले.

अंतिम रिपोर्ट १४ जुलैला मिळाला. ८ ऑगस्टला काउंटीत नकाशे दिले, ३० ला परत आले, कारण पायाच्या पानावर स्ट्रक्चरल इंजिनियरने माती रिपोर्टची तारीख जुनी, म्हणजे मसुद्याची, लिहिली होती. एक तारीख! दुरुस्त करून, पुन्हा शिक्का मारून २२ सप्टेंबरला मंजुरी. सेप्टिकची परवानगी वेगळी, राज्याच्या पर्यावरण खात्याकडून, आणि तिथे आम्हीच शोषखड्ड्याची जागा बदलून घेतली. आधी ती घरापासून वीस फुटांवर उताराच्या वरच्या बाजूला होती, म्हणजे रोज शेकडो लिटर पाणी याच मातीत पायाच्या दिशेने. ती साठ फूट खाली सरकवली, पाइपाचा खर्च १,१०० डॉलर वाढला. घरात पाणी कुठून कुठून जमिनीत जातं त्याची यादी करायची झाली तर शोषखड्डा पहिला येतो आणि लोक पाऊस-पाऊस करत बसतात.

बाबा ९ सप्टेंबरला परत गेले, त्यामुळे मातीकाम त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. ९ ते २० ऑक्टोबर. कंत्राटदाराने आठशे घनयार्ड माती काढली आणि तेवढीच परत भरायची असा दर दिला होता. मला खड्डा आठवला. १.३८ ची माती १.८० पर्यंत घट्ट करणार, तर आठशेची सहाशे दहा-पंधराच होणार. करार करायच्या आधी विचारलं, कमी पडेल ती माती कोणाच्या पैशाने? बराच वेळ शांतता. शेवटी १९० यार्ड बाहेरून आणायचा दर आधीच लिहून घेतला. मातीकाम एकूण २१,५०० डॉलर, आणि प्रत्येक थराची घनता मोजणाऱ्या माणसाचे तासाला ९५. दोन थर नापास झाले, दोन्ही कोरडे होते, उकरून पाणी मारून पुन्हा केले. तिसऱ्या दिवशी कंत्राटदार मला म्हणाला, तुम्ही इथे रोज येता का? मी म्हटलं, हो.

सहा फुटांच्या खाली अजून दोनेक फूट जुनी माती तशीच आहे. त्यामुळे छताचं सगळं पाणी बंद पाइपाने वीस फूट दूर सोडलंय, घराभोवती पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार आहे आणि त्या दहा फुटांत एकही झाड नाही, ठिबक नाही. नवऱ्याला गुलाब हवे होते. कुंड्यांत आहेत, खाली ताट ठेवून.

एका पावसाळ्यानंतर, मागच्या ऑक्टोबरमध्ये, चार कोपऱ्यांची लेव्हल घेतली. सगळ्यात जास्त फरक ३ मिलिमीटर. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी लेव्हलचं काही विचारलंच नाही, त्या फोटोत मागे आमचा पहिला खड्डा दिसत होता, अजून साडेचार इंच खाली. म्हणाले, "तो बुजव गं, कोणीतरी पडेल."